वय 48, टी-स्कोअर उणे 1.6: जमिनीवरून किती वजन उचलायचं?

प्रश्न: वय 48, वजन 58 किलो, राहायला ऐरोलीत, नोकरी ठाण्यात. वर्षभरापासून पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबते. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कमरेच्या मणक्याचा टी-स्कोअर उणे 1.6 आला. रोज पाऊण तास चालते, योगासनं करते. डॉक्टर म्हणाले, वजनं उचला. जिममध्ये दोन किलोची डंबेल्स हातात देऊन वीस-वीस वेळा करायला लावतात. घरी म्हणतात, जास्त उचललंस तर कंबर धरेल. नेमकं किती उचलायचं, आठवड्यातून किती दिवस, आणि वाढवायचं कसं?

उत्तर:

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर, दर वेळी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. सुरुवात 10-12 किलोने करायची. सगळं नीट चाललं तर सात-आठ महिन्यांनी तुम्ही जमिनीवरून स्वतःच्या वजनाच्या आसपासचा बार सलग पाच वेळा उचलत असाल. हे वाचून घरच्यांचे डोळे मोठे होतील, म्हणून आधी दोन किलोवाल्या प्रकाराचं बोलते.

तुम्ही ठाणे स्टेशनच्या पुलावरून ऑफिसची बॅग, डबा आणि परतताना घेतलेली भाजी घेऊन चढता. ते ओझं सहज पाच-सहा किलोचं असतं आणि तुमच्या हाडांना ते वर्षानुवर्षं ठाऊक आहे. हाड प्रतिसाद देतं ते सवयीपेक्षा मोठ्या ताणाला. किती वेळा केलं यापेक्षा एका वेळी किती ताण आला, याला त्याच्या लेखी जास्त किंमत आहे. म्हणून दोन किलो वीस वेळा काय आणि दोनशे वेळा काय, हात भरून येतील, पण मणक्याला आणि खुब्याला खबरही लागणार नाही. चालण्याचंही तेच. चालणं सोडू नका, ते हृदयाला, साखरेला, डोक्याला चांगलं आहे. पण जी बाई वीस वर्षं चालतेच आहे तिच्या हाडाला आणखी पाऊण तास चालण्यात नवं काही दिसत नाही.

आणि वेळ आत्ताचीच का? हाड सतत थोडं खरवडलं जातं आणि थोडं नव्याने भरलं जातं. खरवडणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. पाळी जाताना तो सैल होतो, खरवडणं पुढे धावतं आणि भरणं मागे राहतं. शेवटच्या पाळीच्या साधारण वर्षभर आधीपासून ती गेल्यावर दोन-तीन वर्षांपर्यंत ही झीज सर्वात वेगाने होते. मणक्यात वर्षाला सुमारे 2 टक्के. त्यानंतर वेग कमी होतो. तुमच्या वर्णनावरून तुम्ही या टप्प्याच्या दारात आहात. म्हणूनच तुमच्याकडून मी घनता 'वाढवण्याचं' वचन घेणार नाही. घसरगुंडीवर असताना आहे तिथे टिकून राहिलात तरी मी त्याला यश म्हणेन.

जड वजनाबद्दलची भीती घालवायला मी नेहमी एकाच प्रयोगाचा दाखला देते. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाने पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या 101 बायकांवर 'लिफ्टमोर' नावाचा प्रयोग केला. तो 2018 मध्ये छापून आला. सरासरी वय 65. निम्म्या बायकांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरून वजन उचलून उभं राहणं, स्क्वॉट म्हणजे वजन घेऊन बसणं-उठणं, आणि डोक्यावर वजन ढकलणं हे व्यायाम केले. पाच सेट, प्रत्येकी पाच वेळा, आणि वजन त्यांच्या कमाल ताकदीच्या 85 टक्क्यांच्या वर. सोबत उंचावरून पाय जमिनीवर आदळणारी एक उडी. उरलेल्यांना घरी हलके व्यायाम दिले होते. जड उचलणाऱ्यांची कमरेची घनता सुमारे 2.9 टक्के वाढली, हलकं करणाऱ्यांची 1.2 टक्के घटली. आणि कंबर किती जणींची धरली? जड गटात एकीची, तीही किरकोळ. पण दोन गोष्टी विसरू नका. प्रत्येक वेळी जाणकार माणूस समोर उभा होता, आणि सुरुवातीचा काळ हलक्या वजनात पद्धत शिकण्यात गेला होता. शिवाय त्या बायकांचा झपाट्याच्या झिजेचा काळ मागे पडलेला होता, तुमचा समोर आहे. त्यामुळे त्यांचा आकडा जसाच्या तसा तुमच्यावर चिकटवता येणार नाही.

सुरू करण्याआधी चार गोष्टी बघून घ्या. रक्तदाब: जड उचलताना तो काही सेकंद बराच वर जातो, म्हणून आधी तो आटोक्यात हवा. उंची: भिंतीला टाच लावून मोजा आणि जुन्या पासपोर्टात किंवा विम्याच्या कागदावर असेल ती उंची शोधा. चार सेंटीमीटर किंवा जास्त कमी झाली असेल तर मणक्याचा एक्सरे काढल्याशिवाय बारला हात लावायचा नाही, कारण मणका दबून मोडला तरी तो कित्येकदा न दुखताच मोडतो. हिमोग्लोबिन: हे मी का म्हणते ते पुढे येईल. आणि ड जीवनसत्त्व: ऐरोलीत ऊन भरपूर आहे, पण आपण सकाळी आठला लोकलमध्ये आणि संध्याकाळी सातला परत लोकलमध्ये. कमी निघालं तर डॉक्टर देतील ती मात्रा त्यांनी सांगितलेल्या कालावधीपुरतीच घ्या. साखर खाल्ल्यासारखी पुड्यांवर पुड्या घेणाऱ्या बायकाही मी पाहिल्या आहेत.

आता व्यायाम. चारच घ्यायचे: डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर ढकलणं, आणि वाकून वजन पोटाकडे ओढणं. मी डेडलिफ्टवरच जास्त बोलणार आहे, कारण तुमचा प्रश्न कमरेचा आहे, आणि डेडलिफ्ट नीट आली की बाकीचे तीन सोपे जातात.

डेडलिफ्ट म्हणजे कमरेतून वाकणं नव्हे. दोन्ही हातांत पिशव्या असताना आपण फ्रीजचं दार कशाने बंद करतो? बुडाने. अगदी तीच हालचाल. गुडघे किंचित सैल, बूड मागे, छाती आपोआप पुढे झुकते, पाठ फळीसारखी सरळ राहते. शिकायला मी झाडूची लांब काठी वापरते. ती पाठीवर उभी धरायची, एक हात मानेमागे, एक कमरेमागे. काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडावर. आता बुडाने ते फ्रीजचं दार ढकला. तिन्हीपैकी एक जागा सुटली की पाठ वाकली. बहुतेक जणींची माकडहाडाची जागा सुटते, म्हणजे कंबर गोल झाली. ज्या खोलीपर्यंत काठी सुटत नाही, तेवढीच तुमची आजची खोली. त्याखाली वजन नको. वजनच विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यावर ठेवून वर आणा.

काठी जमली की 12 किलोची केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेला लोखंडी गोळा, दोन पावलांच्या मध्ये, ठोकळ्यावर. पकडा, पोट असं आवळा की कुणी गंमतीत गुद्दा मारणार आहे, आणि जमीन पायांनी खाली दाबत उभ्या राहा. 'वजन वर ओढा' असं मी म्हणत नाही, कारण ओढा म्हटलं की बायका खांदे आणि कंबर वापरतात. जोर मांड्यांच्या मागे आणि नितंबात जाणवला पाहिजे. दुसऱ्या दिवशी तिथे दुखलं तर उत्तम. कमरेत एकाच जागी टोचलं तर काहीतरी चुकलं आहे. बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढून बघा, बहुतेक वेळा पाठ गोल झालेली किंवा वजन पायांपासून लांब गेलेलं दिसतं. वजन नडगीला चिकटून वर यायला हवं. सलवारीला पांढरा पट्टा उमटला तर मला आनंद होतो.

जाता जाता काही फुटकळ गोष्टी, ज्या कुणी सांगत नाही. चालायचे मऊ गादीचे बूट काढा. अनवाणी किंवा सपाट तळव्याचे बूट, नाहीतर गादीवर उभं राहून उचलल्यासारखं होतं. ओढणी खुंटीला. मंगळसूत्र काढायचं नसेल तर टी-शर्टच्या आत टाका. बांगड्या आणि अंगठी मात्र काढाच, बारच्या खरखरीत पट्ट्यात अंगठी बोटाला चांगलीच चावते. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या हवेत तळहात ओले राहतात. पाय आणि पाठ उचलायला तयार असतात आणि बार हातातून सरकतो. जिममध्ये चॉक पावडर असते, मागून घ्या. नसेल तर कोरडा पंचा जवळ ठेवा.

आता वाढवायचं कसं, ते एका बाईंच्या वहीवरून दाखवते. नौपाड्यात राहणाऱ्या, बँकेत नोकरी, वय 49, वजन 61 किलो, कमरेचा टी-स्कोअर उणे 1.8. पाळी तुमच्यासारखीच लहरी. दिवाळी झाल्यावर आल्या.

पहिले चार आठवडे 12 किलोची केटलबेल, ठोकळ्यावरून, आठ वेळा, तीन सेट. त्यांना ते हास्यास्पद हलकं वाटत होतं आणि त्या तसं रोज बोलून दाखवत. मी वाढवू दिलं नाही, कारण सहाव्या-सातव्या वेळेला काठीची खालची जागा सुटत होती. पाचव्या आठवड्यात 16, सातव्यात 20. नवव्या आठवड्यात बार: रिकामा बार 20 किलोचा, दोन्हीकडे पाच-पाच, एकूण 30. इथे एक अडचण येते. मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटीमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साधारण 22 सेंटीमीटर वर, नडगीच्या मध्यावर राहतो. पाच किलोची प्लेट बशीएवढी. ती लावली की बार घोट्यापाशी येतो आणि तिथपर्यंत वाकताना कंबर गोल होतेच. त्यामुळे सुरुवातीच्या वजनांना बारखाली दोन्हीकडे ठोकळे हवेतच. कंबर दुखल्याच्या निम्म्या तक्रारी मी फक्त ठोकळे ठेवून संपवल्या आहेत.

बार आल्यावर पाच वेळा, चार सेट, मध्ये दोन ते तीन मिनिटं पूर्ण आराम. हा आराम बायकांना आळस वाटतो, मध्येच उठून सूर्यनमस्कार घालायला लागतात. घालू नका. जड उचलायचं तर मधे बसायलाच हवं. वाढवण्याचा नियम एकच होता: चारही सेट पूर्ण झाले आणि शेवटच्या सेटनंतर 'अजून दोनदा जमलं असतं' असं वाटलं, तर पुढच्या आठवड्यात अडीच किलो जास्त. नाहीतर तेच वजन. पंधराव्या आठवड्यात त्या 45 वर पोहोचल्या.

सोळाव्या आठवड्यात 47.5 लावलं आणि तिसऱ्यांदाच बार जमिनीवरून सुटेना. पुढच्या वेळीही तेच. पद्धत चांगली होती, झोप नेहमीइतकीच वाईट होती. मी विचारलं, जिना चढताना धाप लागते का? म्हणाल्या, हो, पण वयच झालंय ना. मग कळलं की आधी दोन महिने पाळी आली नव्हती आणि आता आली ती पंधरा दिवस थांबतच नव्हती. हे त्यांनी सांगण्यासारखं मानलंच नव्हतं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. गर्भाशयात गाठ होती आणि हिमोग्लोबिन 8.9. अशा वेळी ट्रेनर 'मन लावून करा' म्हणत राहतो आणि बाई स्वतःला दोष देत राहते. स्नायूला प्राणवायूच पुरत नसेल तर मन लावून काय होणार? ताकद सलग दोन आठवडे विनाकारण घसरली तर या वयात आधी रक्त तपासा, मग वही.

उपचार सुरू असताना डॉक्टरांना विचारून त्यांनी तीन आठवडे 35 किलोवर फक्त दोन सेट केले. पूर्ण थांबल्या असत्या तर चाललं असतं, पण सवय मोडली असती. विसाव्या आठवड्यात 40 पासून पुन्हा सुरुवात, आणि आता अडीच किलो दर दोन आठवड्यांनी. अठ्ठाविसाव्या आठवड्यात 50 किलो, पाच वेळा, दोन शिल्लक.

इथे तो 85 टक्क्यांचा हिशेब करून बघू. एकदाच उचलता येईल असं कमाल वजन नवशिक्या बाईला प्रत्यक्ष लावून बघायची गरज नाही, अंदाज पुरतो. पाच वेळा केलं आणि दोन शिल्लक, म्हणजे सात वेळा जमलं असतं. वजनाला सातने गुणून तीसने भागा आणि ते मूळ वजनात मिळवा: 50 गुणिले 7 भागिले 30 म्हणजे साधारण 12, एकूण 62. हा कमाल वजनाचा अंदाज. 62 चे 85 टक्के म्हणजे जवळपास 52.5. म्हणजे 50 वर त्या 80-81 टक्क्यांवर होत्या, उंबरठ्याच्या थोड्या अलीकडे. एक प्लेट वाढवली की आत. छत्तिसाव्या आठवड्यात, भर पावसाळ्यात, त्यांनी 60 किलो पाच वेळा उचलले. त्यांच्या मुलाने व्हिडिओ काढला आणि बँकेच्या ग्रुपवर टाकला, त्यावर त्या अजून चिडलेल्या आहेत.

दीड वर्षाने, त्याच केंद्रात, त्याच मशीनवर पुन्हा डेक्सा केली. घनता जवळपास होती तिथेच. त्यांचा चेहरा पडला. मला मात्र हायसं वाटलं, कारण पाळी त्याच काळात पूर्ण थांबली होती. तुम्हीही वर्ष-दीड वर्षाच्या आत पुन्हा तपासणी करू नका आणि मशीन बदलू नका. दोन वेगळ्या मशीनमधला फरक तुमच्या खऱ्या फरकापेक्षा मोठा असू शकतो, आणि हाड खरवडून भरण्याच्या एका फेरीलाच कित्येक महिने लागतात. तोवर तुमची वही हाच तुमचा रिपोर्ट.

बाकीचे तीन थोडक्यात. स्क्वॉट खुर्चीवर टेकून उठत सुरू करा, छातीशी 6 ते 8 किलोचं डंबेल धरून. ते 16-20 पर्यंत गेलं की खांद्यावर बार. ओढणं 8 किलोपासून. डोक्यावर ढकलणं प्रत्येक हातात 3-4 किलोपासून, आणि ते फार हळू वाढतं. महिन्याला एक किलो वाढलं तरी बरंच म्हणायचं. इथे एक इशारा. तुमच्या वयात, विशेषतः मधुमेह असेल तर, खांदा जखडण्याचं प्रमाण जास्त असतं. मागे हात नेऊन ब्लाउजचा हुक लावता येईनासा झाला, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, अशी सुरुवात होते. तसं असेल तर डोक्यावर काहीही ढकलायचं नाही, आधी फिजिओथेरपिस्ट. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, कुशीवर झोपल्यावर ठणकणारं दुखणंही याच वयातलं. त्यात पाय ओलांडून बसणं आणि एका पायावर भार देऊन उभं राहणं आधी बंद करा. लोकलच्या दारात उभं राहताना आपण सगळ्याच तसं उभं राहतो. डेडलिफ्ट बहुतेक वेळा थोडं वजन कमी करून चालू ठेवता येते.

उड्या दोन महिन्यांनंतर. आधी चवड्यांवर उठून टाचा दणकन जमिनीवर सोडायच्या, दहा वेळा, दोनदा. गुडघ्यांनी तक्रार केली नाही तर जागच्या जागी छोट्या उड्या, दहाच. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा. उडी मारताना किंवा बार उचलताना लघवीचे थेंब सुटले तर ते सोसून पुढे जाऊ नका आणि लाजून व्यायामही सोडू नका. उड्या थांबवा, वजन उचलताना श्वास दाबून धरण्याऐवजी उठता उठता सोडा, आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. दोन-तीन महिन्यांत बऱ्याच जणींना चांगला फरक पडतो. माझ्याकडच्या बायकांपैकी जवळपास कोणीच हे स्वतःहून सांगत नाही, म्हणून मीच विचारते.

रात्री दोनदा घामाने उठलात, झोप तीन तास झाली, आणि आज वार व्यायामाचा. जा. वजन दहा टक्के कमी करा, सेट निम्मे करा, घरी या. अशा दिवशी विक्रम करायला गेलेली बाई आणि घरीच बसलेली बाई, दोघी पुढच्या महिन्यात माझ्याकडे दिसत नाहीत.

खाण्याचं एकच धरा: प्रथिनं. तुमच्या 58 किलोला दिवसाला 65-70 ग्रॅम तरी हवीत. सकाळी पोहे आणि चहा, डब्यात दोन पोळ्या भाजी, रात्री वरण-भात, हे सगळं मिळून जेमतेम 35-40 पर्यंत जातं. उरलेलं भरायला पोह्यांसोबत दोन अंडी म्हणजे 12, डब्यात शंभर ग्रॅम पनीर म्हणजे 18 च्या आसपास. मासे खात असाल तर बांगड्याचे दोन तुकडे पनीरच्या जागी. अंडं-मासळी चालत नसेल तर 25 ग्रॅम कोरडे सोयाबीनचे वडे भाजीत टाका, 12-13 ग्रॅम मिळतात. उपासाच्या दिवशी साबुदाण्यात प्रथिन जवळपास शून्य. चतुर्थी आणि व्यायामाचा दिवस एकत्र आला तर व्यायाम दुसऱ्या दिवशी ढकला, किंवा दही-शेंगदाण्यांवर भर द्या. कॅल्शियमचं गणित आधी ताटातून बघा: नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे 350 मिलिग्रॅम असतं, म्हणजे दोन मध्यम भाकऱ्यांत. पाळी गेल्यावर आपल्याकडची शिफारस दिवसाला 1200 मिलिग्रॅमची आहे. दूध, दही, तीळ, नाचणी धरूनही कमी पडत असेल तर गोळी, आणि ती डॉक्टरांना विचारून.

उणे 1.6 ला विरळपणाची सुरुवात म्हणतात, ऑस्टिओपोरोसिस नव्हे. उणे 2.5 किंवा त्याखाली असता तर हेच उत्तर मी वेगळं लिहिलं असतं: औषध आधी, आणि बार फक्त समोर माणूस उभा असताना. हार्मोन्सच्या गोळ्या घ्याव्यात का, हा प्रश्न तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा आहे. घेतल्यात तरी व्यायाम हाच राहतो. पाळी पूर्ण बारा महिने थांबून नंतर थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी त्या आठवड्यात जिम नाही, दवाखाना.

राहिला तुमचा ट्रेनर. त्याच्याशी वाद घालू नका. त्याला तीन प्रश्न विचारा: बारखाली ठेवायला ठोकळे आहेत का, सव्वा किलोच्या छोट्या प्लेटा आहेत का, आणि माझ्या पाठीवर काठी धरून दाखवशील का. सव्वा किलोच्या प्लेटा नसतील तर अडीच-अडीचने एकदम पाच किलोची उडी मारावी लागते आणि चाळीशीच्या पुढच्या वजनांना तिथेच गाडी अडते. तिन्हींना 'हो' आलं तर तिथेच राहा. काठीचा प्रश्न ऐकून तो हसला, तर ऐरोलीपासून ठाण्यापर्यंत गल्लीगल्लीत जिम आहेत, दुसरी बघा. पहिल्या दिवशी घरच्यांपैकी एकाला सोबत घेऊन जा, बाजूने व्हिडिओ काढायला. 12 किलो, आठ वेळा, तीन सेट, वहीत तारीख घालून.